नडगीवरचं जाळं आणि इसबाचा शिक्का

डिसेंबर लागला की मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पुणे-नगरच्या पठारावर साठी ओलांडलेल्या माणसांचे पाय उलायला लागतात. गुडघा आणि घोटा यांच्या मधला पुढचा भाग, म्हणजे नडगी, आधी पांढुरकी आणि मग राखाडी दिसू लागते. नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटते. रात्री पायजमा उतरवताना बारीक कोंडा खाली पडतो. आठ-पंधरा दिवसांत त्या कोरड्या कातडीवर बारीक चिरांचं जाळं तयार होतं. पांघरुणात पाय ऊबदार झाले की खाज सुटते आणि सकाळी ओरखडे दिसतात. मग घरातलं कुणीतरी, शेजारी किंवा औषधाच्या दुकानातला माणूस पायाकडे बघून सांगतो, ‘हा इसब आहे.’

एकदा हा शिक्का बसला की त्याच्यामागोमाग बरंच काही येतं. वांगं, दही, अंडी, मासे बंद होतात. दुकानातून तीन-तीन औषधं मिसळलेली मलमाची ट्यूब येते. ‘जंतू मरावेत’ म्हणून अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक पडतं आणि पाणी आणखी कडक तापवलं जातं. एवढं सगळं होतं, पण पाय मात्र तसेच राहतात किंवा बिघडतात. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून दर हिवाळ्यात असे पाय मी बघते आणि दर वेळी वाटतं, की या लोकांना औषधाच्या आधी नीट माहिती मिळायला हवी होती. या पायांपैकी पुष्कळांना इसब झालेला नसतो. काहींना तो असतो, पण पायाच्या एखाद्याच भागावर. आणि थोड्या जणांच्या पायावरचं ते जाळं भलत्याच आजाराची खूण असते.

आधी जाळं पडतं कसं ते बघू. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. नडगीवर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, तरी शरीरातलं पाणी आत धरून ठेवण्याचं काम तोच करतो. त्या पेशींच्या पोटात पाणी शोषून धरणारे पदार्थ असतात आणि पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. ही स्निग्ध द्रव्यं त्वचा स्वतः बनवते. तेलाच्या ग्रंथींतून पाझरणारं तेल वेगळं, ते या थराच्या वर पसरतं. वय वाढतं तशा दोन्ही गोष्टी कमी पडतात. त्वचा स्निग्ध द्रव्यं हळू बनवते आणि तेलग्रंथीही मंदावतात, बायकांमध्ये पाळी थांबल्यावर आणि पुरुषांमध्ये त्याहून बऱ्याच उशिरा. नडगीवर मुळातच तेलग्रंथी थोड्या असतात. म्हणून चेहरा मऊ असलेल्या माणसाचीही नडगी आधी उलते.

या थरात पाण्याचं प्रमाण साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेलं की तो कडक होतो आणि आकसायला लागतो. खालची जिवंत त्वचा ओली असल्यामुळे आकसत नाही. तळं आटल्यावर गाळाचा वरचा पापुद्रा सुकून आकसतो, खालचा गाळ ओला राहून त्याला जागेवर धरून ठेवतो आणि त्या ओढाताणीत वरच्या पापुद्र्याचे वेडेवाकडे चौकोन पडतात. नडगीवर नेमकं हेच घडतं. या पायरीला चिरा फक्त मेलेल्या थरात असतात. त्यांतून रक्त येत नाही, पाणी झिरपत नाही, हाताला भाग गरम लागत नाही. ही नुसती कोरडी, उललेली त्वचा झाली. हा इसब नव्हे.

इसब म्हणजे जिवंत त्वचेत आलेली सूज आणि दाह. तिथे पेशींच्या मधल्या जागेत पाणी साठतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात. कोरड्या त्वचेतून इसब होऊ शकतो आणि म्हातारपणी तो बहुतेक वेळा असाच होतो. चिरा खोल गेल्या, साबण आणि नखं आतपर्यंत पोचली, म्हणजे जिवंत थर चिडतो. तेव्हा चिरांच्या कडा लाल होतात, त्वचा जाडसर लागते, कधी चिकट पाणी येऊन खपली धरते, आणि खाज अशी सुटते की माणूस झोपेतून उठतो.

इथे दोन घोटाळे होतात. पहिला रंगाचा. पुस्तकांतली बहुतेक चित्रं गोऱ्या त्वचेची असतात, त्यात दाह टोमॅटोसारखा लाल दिसतो. आपल्या सावळ्या त्वचेवर तो जांभळट, तपकिरी किंवा नुसता गडद दिसतो आणि वरच्या पांढऱ्या कोंड्याखाली लपतो. म्हणून मी आधी त्या जागेला थोडं साधं पेट्रोलियम जेली लावते. कोंडा पारदर्शक होतो आणि खालचा खरा रंग दिसतो. शिवाय बोटांची मागची बाजू फिरवून भाग शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा जाड लागतो का ते बघते. दुसरा घोटाळा खाजेचा. खाज आहे म्हणजे इसब आहे, असं लोक धरून चालतात. नुसत्या कोरडेपणानेही भरपूर खाज सुटते, त्यामुळे खाजेवरून निवाडा करता येत नाही. मात्र खाजवत राहिलं तर कोरड्या त्वचेचा इसब होतो, हेही तितकंच खरं.

मागच्या काही वर्षांत मी पाहिलेल्यांपैकी एका आजोबांचे पाय या सगळ्या गोष्टी समजून घ्यायला फार उपयोगी आहेत. वय 74, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, रक्तदाबाची गोळी चालू. जानेवारीत आजींबरोबर आले. आजींनीच बोलायला सुरुवात केली.

“यांना इसब झालाय. सगळेच म्हणतात. दिवाळीपासून वांगं, दही, अंडी, डाळीतलं वरणसुद्धा बंद केलंय.”

“आणि औषध?”

“दुकानातून ही ट्यूब आणली. लावली की दोन दिवस बरं वाटतं, सोडली की परत.”

आजोबांचं वजन तीन-चार किलोंनी उतरलं होतं. ट्यूबवर तीन औषधांची नावं होती: एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि तिसरं क्लोबेटासॉल, म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरदार.

मी अंघोळीची चौकशी केली. हे म्हातारपणच्या कोरड्या पायांचं निम्मं निदान असतं. पहाटे बंबातलं कडकडीत पाणी, दोन बादल्या. बोअरचं पाणी जड, त्यामुळे साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण दोनदा. नडगीवर कोंडा दिसतो म्हणून तिथे वजरीने घासणं. त्यानंतर टॉवेलने खसाखसा पुसून, सगळं वाळल्यावर, वाटलं तर थोडं तेल. आजोबांना हा सगळा स्वच्छपणा वाटत होता. त्वचेच्या बाजूने बघितलं तर गरम पाणी पेशींमधली स्निग्ध द्रव्यं सैल करतं, साबण ती धुऊन नेतो आणि वजरी वरचा थरच ओरबाडते. वडीच्या साबणाचा पीएच साधारण 9 ते 10 असतो, त्वचेचा 5 च्या आसपास. तरुण त्वचा हा धक्का काही तासांत भरून काढते. चौऱ्याहत्तरीच्या त्वचेला दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीपर्यंत ते जमत नाही. जड पाण्यात साबणाचा साका त्वचेवर चिकटून राहतो, म्हणजे त्रास बादलीबरोबर संपतही नाही.

मग पाय पाहिले. दोन्ही पायजमे मांडीपर्यंत वर घ्यायला सांगितले, कारण एकच पाय बघून फसायला होतं. उजव्या नडगीवर पांढरं जाळं, बारीक कोंडा, गार त्वचा, जेली लावल्यावर खाली नेहमीचा रंग. तिथे इसब नव्हता. डाव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग मात्र गडद, जाडसर आणि गरम होता, चिरांच्या कडांना ओलसर खपली होती. तो इसब होता, आणि त्यावरून दोन्ही पायांना इसबाचं नाव पडलं होतं. त्याच्या शेजारी त्वचा कागदासारखी पातळ आणि चमकदार झाली होती, बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या आणि एका ठिकाणी जांभळा डाग होता. ही क्लोबेटासॉलची करणी. कोरड्या पण धडधाकट त्वचेवर ते दोन महिने लागलं होतं. नडगीच्या हाडावर मांसाची गादी नसते. तिथली त्वचा पातळ झाली की खाटेच्या कडेचा साधा धक्काही ती फाडतो आणि म्हाताऱ्या पायावरची अशी जखम भरायला महिने लागतात.

शेवटी मी दोन्ही घोट्यांच्या वर, हाडावर, अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं. अंगठा काढल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीत अॅम्लोडिपिन होतं. या औषधाने काही जणांच्या घोट्यांवर सूज येते. सुजेने त्वचा आतून ताणली जाते, आणि आधीच कडक झालेला वरचा थर ताणल्यावर चिरा जास्त पडतात. म्हणजे एकाच माणसाच्या दोन पायांवर तीन गोष्टी होत्या: कोरडेपणा, एका तुकड्यावर इसब आणि औषधाने आलेली थोडी सूज. तिन्हींचा उपाय वेगळा होता.

सुजेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण घरी नेमकी हीच गोष्ट सुटते. हृदय दमलं, मूत्रपिंड बिघडलं, यकृत बिघडलं किंवा रक्तातलं प्रथिन उतरलं तर पायांत पाणी साठतं. ते भराभर साठलं तर ताणलेल्या त्वचेवर असंच जाळं पडतं. फरक असा की त्वचा कोरडी-राखाडी दिसण्याऐवजी ताणलेली आणि चकचकीत दिसते, दिवस मावळेपर्यंत मोजे पायात रुततात, चपला घट्ट होतात. कोंडा कमी असतो, खाजेपेक्षा ताण जास्त जाणवतो. अशा पायाला कितीही मलम लावलं तरी उपयोग नाही. पाणी उतरलं की चिरा आपोआप भरतात. जिने चढताना धाप लागते, रात्री उशा वाढवाव्या लागतात, लघवी कमी झाली आहे, असं यातलं काहीही असेल तर आधी फिजिशियनकडे जायचं, त्वचेच्या डॉक्टरकडे नंतर. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चिरेतून जंतू आत शिरून संसर्ग पसरलेला असू शकतो किंवा शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. मधुमेह असलेल्यांनी तर यात रात्रही घालवू नये.

आजोबांच्या डाव्या पायावरच्या त्या तुकड्याची थोडी खरवड काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, स्टेरॉइडही होतं, आणि अशी मिश्र मलमं लावून नायट्याचं रूपच पालटलेले कितीतरी पाय मी पाहते. नायटा बहुधा एका बाजूला असतो, त्याची कड उठावदार आणि मधला भाग स्वच्छ असतो, आणि जांघेत किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यात त्याचा भाऊबंद सापडतो. स्टेरॉइडने कड पुसली जाते, खाज थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते. आजोबांच्या खरवडीत बुरशी नव्हती. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे आणि स्टेरॉइडचं मलम आधी लागलेलं असेल तर ती करायलाच हवी असं माझं मत आहे. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत असं ठरवलं. तरी ती सर्रास हातात पडतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे हे निदान ओळखता यावं, म्हणून नावं इथे मुद्दाम देते.

आजोबांना काय सांगितलं ते तपशिलात लिहिते, कारण खरा गुण त्यातच आहे.

पाणी कोमट, कोपर बुडवल्यावर सुखद वाटेल एवढंच. अंघोळ दहा मिनिटांच्या आत. साबण काखेत, जांघेत आणि तळपायांना. नडगीला फक्त पाणी. वजरी टाचेपुरती. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक नाही. पाय टॉवेलने टिपून घ्यायचे, पूर्ण कोरडे करायचे नाहीत, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच, वर स्निग्ध थर द्यायचा. तेल किंवा जेली त्वचेत पाणी घालत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणून वाळून खडखडीत झालेल्या पायावर तासाभराने लावलेल्या तेलाचा उपयोग निम्माही होत नाही. आपल्याकडे अंघोळीआधी तेल लावायची चाल आहे. अभ्यंग चांगलंच, पण मागून उटणं किंवा साबण लावून ते तेल काढून टाकलं तर नडगीच्या वाट्याला थोडंच उरतं. आधी लावायचं तर जरूर लावावं, मात्र नंतरचा हात चुकवू नये.

काय लावायचं, यावर लोक फार अडून बसतात. साधं पांढरं, बिनवासाचं पेट्रोलियम जेली पाणी रोखण्यात सगळ्यात पुढे आहे आणि स्वस्तही. खोबरेल तेलही चालतं. फिलिपिन्समध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोरड्या पायांच्या 34 जणांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची दोन आठवडे तुलना केली, तेव्हा दोन्हींचा गुण सारखाच दिसला. कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल वितळवून लावतात, तेही न उललेल्या-उललेल्या दोन्ही त्वचेला सोसतं, फक्त कोमट करून लावावं, गरम नको. युरिया असलेलं 10 टक्क्यांचं क्रीम पाणी शोषून धरतं आणि कोंडा सैल करतं. पण ओल्या चिरांवर ते झोंबतं, म्हणून चिरा मिटल्यावर सुरू करावं. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत तसंच चोपडू नये, पाणी मिसळून ओल्या त्वचेवर लावावं. सुगंधी, औषधी वनस्पतींच्या नावाने विकली जाणारी क्रीमं मी टाळायला सांगते. उघड्या चिरांमधून वासाची द्रव्यं आत जातात आणि त्यांची अॅलर्जी होऊन खरा इसब सुरू होतो.

कशाहीपेक्षा चुकतं ते प्रमाण. गुडघ्याखालच्या दोन्ही पायांना एका वेळी साधारण एक छोटा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम क्रीम लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर महिन्याला 300 ग्रॅम होतात. लोक 20 ग्रॅमची ट्यूब आणतात, ती महिनाभर पुरवतात आणि ‘क्रीमचा काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. ती दोन दिवसांची होती. म्हणून मोठी बरणी घ्यावी, भले साधी असेना. लावताना हात वरून खाली, केसांच्या दिशेने फिरवावा; उलटा चोळला तर केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात.

डाव्या पायाच्या त्या तुकड्यापुरतं मी मध्यम ताकदीचं स्टेरॉइडचं मलम दिलं, दिवसातून एकदा, दोन आठवडे आणि मग बंद. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. आजोबांच्या तुकड्याला म्हणजे अर्धं पेर पुरे होतं. जुनी ट्यूब कचऱ्यात टाकायला लावली. त्यांच्या फिजिशियनना सुजेबद्दल चिठ्ठी दिली. रक्तदाबाची गोळी स्वतः बंद करू नका असं दोघांनाही पुन्हा-पुन्हा बजावलं. आणि वांगं, दही, अंडी, वरण त्याच दिवसापासून सुरू करायला सांगितलं. म्हातारपणच्या कोरड्या त्वचेला किंवा तिच्यातून झालेल्या इसबाला या पथ्याने काही फायदा होत नाही. उलट चौऱ्याहत्तरीत प्रथिनं तोडली तर स्नायू झडतात, जखमा भरायला वेळ लागतो आणि पायावरची सूजही वाढू शकते. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते या पथ्याचं.

तीन आठवड्यांनी आजोबा आले तेव्हा उजवा पाय पूर्ण मऊ होता. तुकड्याची खाज गेली होती, डाग गडद उरला होता. आपल्या त्वचेवर असा डाग काही महिने राहतो, तो रोग शिल्लक असल्याची खूण नसते. फिजिशियननी गोळी बदलल्यावर सूज उतरली होती. पातळ झालेली त्वचा मात्र तशीच होती.

आता, सगळी पाळून दोन-तीन आठवड्यांत फरक पडलाच नाही तर काय? मग कोरडेपणाचं मूळ हवेत किंवा बादलीत नाही असं धरून शोधावं लागतं. माझा पहिला प्रश्न असतो, पावसाळ्यातही पाय असेच होते का? आपल्या पठारावर हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडी हवा येते, घाम कमी येतो आणि अंघोळीचं पाणी तापतं, म्हणून या दिवसांत पाय उलतात. मार्च-एप्रिलची दुपार त्याहून कोरडी असते, पण तेव्हा घाम त्वचेला थोडा ओलावा देत राहतो. पावसाळ्यात बहुतेकांचे पाय आपोआप सुधारतात. ज्यांचे जुलैतही सुधारत नाहीत, पाठ आणि हातही खरखरीत झाले आहेत, आवाज जड झालाय, थंडी सोसवत नाही, शौचाला साफ होत नाही, त्यांची थायरॉइडची, म्हणजे टीएसएचची तपासणी करते. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही सगळं अंग असं कोरडं होतं आणि खाजतं. लहानपणापासून नडगीवर मोठे, चिकटलेले खवले, तळहातांवर नेहमीपेक्षा जास्त रेषा आणि घरात आणखी कुणाला तेच, असं असेल तर तो जन्मजात कोरडेपणा असतो. पण असे खवले उतारवयात पहिल्यांदाच आले आणि सोबत वजन उतरतंय, गाठी लागतायत किंवा चिरांचं जाळं पोट-पाठीवर पसरतंय, तर लसिका ग्रंथींच्या कर्करोगासह आतले आजार तपासावे लागतात. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा पाय आधी बोलतात.

आणखी दोन गोष्टी महाराष्ट्रात विसरून चालत नाहीत. एखादाच कोरडा चट्टा आहे, तिथे घाम येत नाही, केस झडलेत आणि कापसाचा स्पर्श कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. त्या औषधांतल्या क्लोफाझिमिननेही नडग्या काळपट आणि खवलेदार होतात, पण तो औषधाचा परिणाम असतो, रोग परतलेला नसतो. दुसरी गोष्ट शेकोटीची. रोज चुलीपुढे किंवा शेकोटीला पाय करून बसणाऱ्यांच्या नडग्यांवर तपकिरी जाळी उमटते. तिथे चिरा नसतात, कोंडा नसतो, नुसता रंग असतो. तो उष्णतेने आलेला असतो आणि पाय विस्तवापासून दूर घेणं एवढाच त्याचा इलाज.

मुलांकडे अमेरिकेत किंवा कॅनडात हिवाळा काढायला जाणारे आईवडील दरवर्षी फोटो पाठवून विचारतात, इथे आल्यावरच पाय का फाटले? बाहेर बर्फ असल्यामुळे हवा दमट वाटते, पण शून्य अंशाची पूर्ण दमट हवा घरात 22 अंशांवर तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 25 टक्क्यांच्या आसपास उतरते. चिपळूणहून गेलेल्या माणसाची त्वचा अशा हवेत पंधरा दिवसांत उलते. नळाला सतत गरम पाणी असतं, त्यामुळे दिवसातून दोनदा शॉवर होतो. त्यांना मी तेच सांगते जे आजोबांना सांगितलं, शिवाय हीटर थोडा कमी आणि लोकरी मोज्यांच्या आत सुती मोजे.

जेली आणि तेल रोज लावणाऱ्यांसाठी दोन सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. तळपायांना लावून लगेच फरशीवर चालू नये. नडगीपुरतं लावावं, तळपायांना लावलंच तर मोजे घालून पलंगावरच राहावं. पाय घसरून खुब्याचं हाड मोडणं कोरड्या पायापेक्षा कितीतरी महाग पडतं. आणि जेली, तेल किंवा क्रीम मुरलेलं कापड आग लागल्यास भराभर पेटतं. रोजची धुलाई ते पुरतं काढत नाही. त्यामुळे पायांना लावून नेसलेलं धोतर, साडी किंवा पायजमा घेऊन गॅसपाशी, समईपाशी, शेकोटीपाशी जाऊ नये, आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांनाही हे सांगून ठेवावं.